दीड तास थांबलो, सांगितलं कोणीच नाही: एका दवाखान्याची दोन उत्तरं

नाशिकमधल्या एका दोन खुर्च्यांच्या दातांच्या दवाखान्यात मी हिशेब, फोन आणि गुगलवरचे रिव्ह्यू सांभाळते. दवाखान्याचं नाव सांगत नाही, कारण चूक आमचीच होती. एका आठवड्यात एक मराठी तक्रार, एक इंग्रजी तक्रार आणि दोन कौतुकं आली. त्यांना काय उत्तर दिलं, काय लिहून खोडलं आणि का खोडलं, ते इथे मांडते.

शनिवारी संध्याकाळची गर्दी नेहमीचीच. साडेसहाची वेळ दिलेल्या एका काकूंना आठ वाजता आत घेतलं. मध्ये एक लहान मूल तुटलेला दात घेऊन आलं होतं, डॉक्टरांनी ते आधी पाहिलं. पाहायलाच हवं होतं. पण बाहेर बसलेल्यांना रिसेप्शनवरून कोणी एक शब्द सांगितला नाही. काकूंचं रूट कॅनॉल होतं. पहिल्या दिवशी तोंडी सांगितलं होतं 'चार हजार'. शनिवारी शेवटची बैठक झाली, कॅपचं माप घेतलं आणि एकूण आकडा निघाला नऊ हजार. कॅपचे पैसे वेगळे असतात हे डॉक्टरांना इतकं अंगवळणी पडलेलं की ते सांगायचं असतं हेच कोणाच्या ध्यानात आलं नाही. पावती म्हणून चिठ्ठीवर हाताने एकच आकडा लिहून दिला.

सोमवारी रात्री रिव्ह्यू आला. एक तारा. खाली मराठीत: 'दीड तास बसवून ठेवलं, विचारलं तर "बसा, बोलावतो". चार हजार सांगून नऊ घेतले. आता सूज आली आहे. डॉक्टर चांगले असतील पण पद्धत अजिबात चांगली नाही.' नावाच्या जागी नुसती दोन इंग्रजी आद्याक्षरं.

रात्री पावणेबाराला डॉक्टरांचा व्हॉट्सॲप आला: 'हे टाक.' त्यांचा मसुदा असा होता:

'आपण केलेले आरोप खोटे व बिनबुडाचे आहेत. आमच्या रेकॉर्डनुसार आपली शुगर २४० होती व आपण आधीच्या बैठकीनंतर औषधांचा कोर्स पूर्ण केला नाही, त्यामुळे सूज आली. कॅपचा खर्च वेगळा असतो याची आपल्याला पूर्ण कल्पना दिली होती. गैरसमज पसरवू नयेत ही विनंती.'

मी 'सकाळी बघू' एवढंच लिहून फोन उलटा ठेवला. राग खोटा नव्हता. त्या माणसाने शनिवारी रात्री दहापर्यंत उभं राहून काम केलं होतं. पण चार वाक्यांच्या त्या मसुद्यात प्रत्येक वाक्य वेगळ्या कारणाने टाकण्यासारखं होतं.

मसुद्यात काय चुकलं होतं

शुगरचा आकडा सगळ्यात आधी काढला. रुग्णाची माहिती उघड करायची नाही, हे दंतवैद्यांच्या २०१४ च्या आचारसंहितेतही आहे आणि इतर डॉक्टरांच्या २००२ च्या नियमावलीतही. रुग्णाने स्वतः चारचौघांत काही लिहिलं म्हणून डॉक्टर त्यातून सुटत नाहीत. तो बोलायला मोकळा, आपण नाही. डॉक्टरांना हे पटेना, म्हणून मी त्यांना अमेरिकेतलं एक उदाहरण सांगितलं. न्यू जर्सीतल्या एका मानसोपचार केंद्राने नकारात्मक रिव्ह्यूला उत्तर देताना रुग्णाचं निदान लिहून टाकलं, आणि २०२३ मध्ये ३०,००० डॉलर भरून ते प्रकरण मिटवावं लागलं. तो कायदा आपल्याकडे नाही, हे खरं. पण तिथे पैसे भरावे लागले ते रुग्णाची माहिती जाहीर केल्याबद्दल, आणि आमचा मसुदा नेमकं तेच करत होता.

आणि गंमत अशी, गंमत म्हणायची तर, की रिव्ह्यू काकूंनी लिहिलेलाच नव्हता. मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी काकूंना फोन केला. रूट कॅनॉलनंतर दोन-तीन दिवसांनी आम्ही कोणालाही करतो तसाच. सूज आहे का, ताप आहे का, तोंड उघडतं का, एवढंच विचारायचं आणि रिव्ह्यूचा विषय काढायचाच नाही, असं आमचं ठरलं होतं. काकूंनी त्याच दुपारी यायचं कबूल केलं आणि फोन ठेवताना म्हणाल्या, 'माझ्या मुलीने काहीतरी लिहिलंय म्हणे, ती जरा तापट आहे हो.' म्हणजे तो मसुदा गेला असता तर 'आपली शुगर' म्हणून आम्ही आईची शुगर मुलीच्या नावाखाली जगाला सांगितली असती. पडद्यावरची दोन अक्षरं कोणाची, हे आपल्याला माहीत नसतं. माहीत आहे असं वाटतं.

दुसरी अडचण 'आमच्या रेकॉर्डनुसार' या शब्दांची. पुढे काहीही लिहा, या दोन शब्दांनी 'तुम्ही आमचे रुग्ण आहात' हे जाहीर होतंच. दाताच्या दवाखान्यात हे फार कोणाला लागणार नाही. पण हीच सवय त्वचारोगाच्या, वंध्यत्वाच्या किंवा मानसोपचाराच्या दवाखान्यात नेली की काय होईल ते सांगायला नको.

तिसरा शब्द 'गैरसमज'. मराठीत हा फार सोयीचा शब्द आहे. वरवर कोणालाच दोष न देणारा, ऐकायला मऊ. पण तक्रार करणाऱ्याच्या कानाला त्याचा अर्थ एकच लागतो: तुम्हाला कळलं नाही. चार हजार सांगितले होते आणि नऊ घेतले, यात काकूंचा समज बरोबरच होता. आमचं सांगणं अपुरं होतं.

'आपण' बद्दल मात्र माझं मत सरसकट नाही. डॉक्टरांच्या मसुद्यात 'आपण केलेले आरोप' वाचताना नोटीस आल्यासारखं वाटतं. मराठीत रागाच्या भरात माणूस 'तुम्ही' वरून 'आपण' वर चढतो, आणि तो आदर नसतो, अंतर असतं. आमच्या उत्तरांत मी 'तुम्ही' ठेवते. शिवाय 'तुम्ही लिहिलंत, आलात, थांबलात' ही रूपं बाई-पुरुष दोघांना चालतात. प्रोफाइलवर फुलाचं चित्र असलं तरी अंदाज बांधावा लागत नाही. 'ताई', 'दादा' मी तक्रारीच्या उत्तरात लिहीत नाही. समोर बसलेल्या माणसाला ते आपुलकीचं वाटतं, लेखी मात्र लोणी लावल्यासारखं दिसतं.

माफी कशाची मागायची

इथे मी बराच वेळ अडकले होते. नीट माफी मागायची तर 'तुम्हाला दीड तास थांबावं लागलं, चुकलं' असं लिहावं लागतं. तसं लिहिलं की त्या आल्या होत्या हे कबूल होतं. ते टाळायला सगळे लिहितात: 'आपली काही गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत.' त्यातलं 'असल्यास' वाचलं की माणूस आणखी चिडतो. झाली असल्यास म्हणजे काय? झालीच ना! गुपित सांभाळायला जावं तर माफी खोटी होते, आणि माफी खरी करावी तर गुपित फुटतं.

सुटलं ते असं. रुग्णाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, स्वतःबद्दल मात्र पूर्ण खरं लिहायचं. 'तुम्ही थांबलात' हे त्यांच्याबद्दलचं वाक्य आहे. 'शनिवारी संध्याकाळी आमच्या वेळा पुढे गेल्या आणि बसलेल्या कोणालाही आम्ही ते सांगितलं नाही' हे आमच्याबद्दलचं. त्यात कोणाचं नाव नाही, आजार नाही, कोण होतं याची कबुली नाही, आणि तरीही 'असल्यास' लागत नाही. जे घडलं ते घडलं म्हणून लिहिता येतं.

पण यासाठी आधी खरोखर काय घडलं ते शोधावं लागतं. मी अपॉइंटमेंटची वही काढली. शनिवारी साडेसहानंतरच्या पाच जणांना सरासरी तासाभराने उशिरा घेतलं होतं, सर्वांत जास्त उशीर दीड तासाचा. रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, 'मला आत काय चाललंय तेच माहीत नव्हतं, मी काय सांगणार?' तिचंही बरोबर. म्हणजे तक्रारीचा गाभा उशीर नव्हताच. रिव्ह्यूतलं '"बसा, बोलावतो"' हे अवतरणचिन्हातलं वाक्य पुन्हा वाचलं तेव्हा ते दिसलं. लोक अवतरणचिन्हांत जे लिहितात ते त्यांना सर्वांत जास्त लागलेलं असतं. उत्तर आधी त्याला द्यायचं.

लहान मुलाचा दात तुटला होता हे उत्तरात लिहावं, असा डॉक्टरांचा आग्रह होता. 'कारण तर खरं आहे.' खरं होतंच. पण माफीच्या वाक्याला कारण जोडलं की 'पण' येतो, आणि मराठी वाचणारा 'पण' च्या आधीचं पुसून टाकतो. शिवाय ते मूल म्हणजे आणखी एक रुग्ण. कारण काढून टाकलं.

शब्दांची निवड राहिली. 'क्षमस्व' हा शब्द मला छापील चुकीखाली बरा वाटतो. 'दिलगीर आहोत' ऐकलं की गाडी उशिरा असल्याची घोषणा आठवते. आम्ही 'माफी मागते' लिहिलं, आणि 'मागतो' नव्हे, 'मागते', कारण उत्तर मी लिहीत होते आणि खाली माझं पद होतं. क्रियापदात एक माणूस दिसला की अख्ख्या वाक्याचा सूर बदलतो. 'कृपया' एकदाही घातला नाही. मराठीत विनंती क्रियापदातच असते: 'संपर्क साधावा' पेक्षा 'फोन करा' सौम्य वाटतं, आणि 'फोन कराल का' त्याहूनही.

सुरुवातीचं वाक्य आधी होतं, 'तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत ते बरं झालं.' मला आवडलं होतं. मग लक्षात आलं की परगावचे लोक हेच उत्तर यंत्राने भाषांतर केलेलं वाचतात, आणि दवाखान्याच्या पानावर 'बरं झालं' चं यंत्र काय करील याचा भरवसा नाही. सूज आलेल्या माणसाला 'बरे झालात' असं कळवायची माझी तयारी नव्हती. साधं 'आभार' घातलं.

मंगळवारी दुपारी चारला टाकलेलं उत्तर हे:

'नमस्कार. सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. शनिवारी संध्याकाळी आमच्या वेळा दीड तासापर्यंत पुढे गेल्या आणि बाहेर बसलेल्या कोणालाही आम्ही ते सांगितलं नाही. "बसा, बोलावतो" हे उत्तर नव्हे. त्याबद्दल मी माफी मागते. खर्चही आम्ही आजवर तोंडी सांगत आलो, तेही चुकीचं होतं. आजपासून काम सुरू करण्याआधी प्रत्येक टप्प्याचा आकडा लिहून देतो आणि पावतीवर प्रत्येक बाब वेगळी दाखवतो. उपचारानंतर कोणालाही सूज किंवा ताप असेल तर वेळ घेत बसू नका, थेट या. पैशांबद्दल बोलायचं असेल तर दुपारी १ ते ३ मध्ये दवाखान्याच्या नंबरवर फोन कराल का? मीच उचलते. – व्यवस्थापक'

सुजेच्या वाक्यात 'कोणालाही' आहे, तो शब्द फार कामाचा. सूज का आली यावर एक शब्द नाही. ते उपचाराचं बोलणं आहे आणि ते खुर्चीतच व्हायला हवं. रिव्ह्यूमध्ये 'चुकीचा दात काढला', 'इंजेक्शनने त्रास झाला' असा थेट उपचाराचा आरोप असता, तर मी एवढंही लिहिलं नसतं. भेटायला या, एवढी एकच ओळ, आणि बाकी डॉक्टरांनी आपल्या वकिलाशी बोलून ठरवावं. उशिराची माफी आणि उपचाराची माफी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिली मी लिहू शकते.

'आजपासून लिहून देतो' हे वाक्य टाकायच्या आधी छापखान्यातून अंदाजपत्रकाचं पॅड आणलं. आधी पॅड, मग वाक्य. उलटं केलं तर पुढचा रुग्ण काउंटरवर मोबाईल दाखवून विचारतो, 'कुठेय ते?'

भावाचं इंग्रजी

बुधवारी दुसरा रिव्ह्यू आला, इंग्रजीत, दोन तारे. चार हजार सांगून नऊ हजार घेतले, तपशिलाचं बिल नाही, हाताने लिहिलेली चिठ्ठी दिली, अशा दवाखान्यापासून लांब राहा. डॉक्टर म्हणाले, 'हा माणूस कधी आलाच नाही. खोटा आहे. रिपोर्ट कर.'

गुगलवर रिव्ह्यू रिपोर्ट करता येतो, पण तो त्यांच्या नियमांत बसत नसेल तरच काढतात: खोटा अनुभव, शिवीगाळ, स्पर्धकाने टाकलेला, असं काही. कोण खरं आणि कोण खोटं या वादात ते पडत नाहीत. मी रिपोर्ट करण्याआधी शनिवारचे जमा पैसे तपासले. नऊ हजार यूपीआयने आले होते, काकूंच्या बंगळुरूतल्या मुलाच्या खात्यातून. तो खुर्चीत बसला नव्हता, पण पैसे त्याने भरले होते, आणि तक्रार पैशांचीच होती. अनुभव खरा होता. रिपोर्ट केला नाही.

मग मोह झाला तो 'आम्ही तुमच्या बहिणीला कालच उत्तर दिलं आहे' असं लिहायचा. सोपं, खरं आणि साफ चुकीचं. दोन प्रोफाइलमधलं नातं आम्हाला आमच्या नोंदींमुळे कळलं होतं. ते जोडून दाखवणं म्हणजे नोंदीच उघड करणं. म्हणून उत्तर असं लिहायचं की जणू हा एकटाच रिव्ह्यू आहे.

इंग्रजीत पहिला मसुदा मी मराठी उत्तराचं भाषांतर म्हणून केला, आणि तो विचित्र दिसला. मराठीत जिव्हाळा आणायला तीन छोटी वाक्यं लागतात, इंग्रजीत तीच तीन वाक्यं गयावया वाटतात. दुसरा मसुदा ऑफिसच्या सवयीने आला: 'वी रिग्रेट द इनकन्व्हीनियन्स कॉज्ड', 'काइंडली रिव्हर्ट'. हे इंग्रजी आपण सगळे लिहितो, पण ते 'दिलगीर आहोत' चंच भावंड आहे, त्यात माणूस नाही. आणखी एक घसरण वेळेवर सापडली. मी 'कॅपसह पूर्ण खर्च' असं लिहिलं होतं. भावाच्या रिव्ह्यूत कॅपचा उल्लेखच नव्हता. रूट कॅनॉलचाही नव्हता. त्याने न लिहिलेला उपचार मी माझ्या हाताने जाहीर करत होते. ते दोन शब्द काढले. शेवटी गेलेलं उत्तर:

```
Thank you for writing this. Until this week we quoted costs
by word of mouth and gave handwritten totals. That was wrong,
and I am sorry. Estimates and bills are now written out item
by item. If you would like to go over a bill with us, please
call the clinic between 1 and 3 pm. I will take the call.
– Clinic Manager
```

मराठी उत्तरात एक प्रश्न आहे, 'कराल का?'. इंग्रजीत तोच प्रश्न ठेवला असता तर आर्जव वाटलं असतं, म्हणून तिथे साधं विधान आहे. मराठीत न घातलेला 'कृपया' इंग्रजीत मात्र 'प्लीज' म्हणून आला, कारण त्या भाषेत विनंती क्रियापदात मावत नाही. माफीचं वाक्य दोन्हीकडे एकवचनी. कोणी विचारतं, एकाच उत्तरात वर मराठी आणि खाली इंग्रजी का देत नाही? आम्ही एकदा दिलं होतं. सरकारी कार्यालयाबाहेरचा फलक वाटत होता. आता ज्या भाषेत रिव्ह्यू, त्याच भाषेत उत्तर. रोमन लिपीत 'खूप छान' लिहिणाऱ्यांना मी देवनागरीतच उत्तर देते, पण शब्द सोपे ठेवते.

कौतुक सोपं नसतं

त्याच आठवड्यात एका आजोबांनी पाच तारे देऊन लांबलचक लिहिलं. डॉक्टर म्हणजे देवमाणूस. हृदयात स्टेंट असल्याने दात काढायला भीती वाटत होती, डॉक्टरांनी आधी हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावला, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं विचारलं आणि मगच दात काढला. मावशींनी हाताला धरून जिना उतरवला.

डॉक्टर खूश. 'यात लिही की हृदयरुग्णांचे दात आम्ही सुरक्षितपणे काढतो.' मी नाही लिहिलं. आजोबांनी स्टेंटबद्दल सांगितलं तो त्यांचा अधिकार. आम्ही ते परत म्हटलं की आमचा दुजोरा होतो आणि वर जाहिरातही होते, आणि डॉक्टरांनी रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करू नये हा नियम जुनाच आहे. कौतुकाच्या उत्तरात उपचार सोडून बाकीचं काय आहे ते शोधायचं. इथे मावशी होत्या.

'नमस्कार. तुम्ही एवढा वेळ काढून लिहिलंत, आनंद झाला. मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. – व्यवस्थापक'

कौतुकाचं उत्तर कौतुकापेक्षा लहान असावं, असा माझा अंदाज आहे. उलट झालं की आपणच आपली पाठ थोपटतोय असं दिसतं. इंग्रजीत आलेल्या 'नाइस क्लिनिक, फ्रेंडली स्टाफ' ला एका ओळीत आभार मानले आणि सोडून दिलं. माझ्या आधी हे काम करणाऱ्याने सगळ्या कौतुकांखाली 'आपला विश्वास हीच आमची प्रेरणा' चिकटवलं होतं, सलग अकरा वेळा. पान खाली सरकवलं की ते अकरा विश्वास एकाखाली एक दिसायचे आणि खरी कौतुकंही विकतची वाटायची. मी त्यातली नऊ उत्तरं काढून टाकली. उत्तर नसलेलं कौतुक बिघडत नाही. उत्तर नसलेली तक्रार मात्र डोळ्यात भरते, कारण नवा रुग्ण Sort मध्ये जाऊन Lowest दाबतो आणि तिथूनच वाचायला लागतो. मुलीला लिहिलेलं उत्तर मुलीपेक्षा त्यानेच जास्त वाचलं असणार.

पुढे

काकूंची सूज मंगळवारी डॉक्टरांनी पाहिली आणि औषध दिलं. गुरुवारी दीड वाजता मुलीचा फोन आला. आवाज चढलेला. मी बिल बाबवार वाचून दाखवलं: रूट कॅनॉल चार, कॅप पाच. ती म्हणाली, 'मग हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?' मी म्हटलं, 'सांगायला हवं होतं.' त्यानंतर दोघीही थोडा वेळ काही बोललो नाही. मग तिने कॅप कधी बसेल ते विचारलं.

डॉक्टर एक हजार कमी करायला तयार झाले, कारण कॅपचा आकडा आधी सांगितला नव्हता. मी त्यांना एकच अट घातली: हे पैसे आणि रिव्ह्यू यांचा संबंध जोडायचा नाही, बोलण्यातसुद्धा नाही. 'एक हजार कमी करतो, जरा तारे वाढवा' हे गुगलच्या नियमांत बसत नाही. आणि तसं बोललेलं पुढच्या रिव्ह्यूत जसंच्या तसं, अवतरणचिन्हांत, छापून येतं. पैसे कॅप बसवायच्या दिवशी बिलातच कमी करून परत दिले, काकूंच्या समोर, लेखी.

दहा दिवसांनी मुलीने रिव्ह्यू बदलला. एकाचे तीन तारे झाले. 'दीड तास' तसंच ठेवलं आणि खाली एक ओळ घातली की आता आकडे लिहून देतात. 'चार हजार सांगून नऊ' हे वाक्य तिने काढलं, आणि तिथे आमच्याच उत्तरात गडबड झाली. रिव्ह्यू बदलला तरी खालचं उत्तर जुनंच राहतं. वर पैशांची तक्रार उरली नाही आणि खाली आम्ही पैशांची माफी मागतोय, फोनही करायला सांगतोय. मी उत्तर उघडून 'पैशांबद्दल बोलायचं असेल तर' हे वाक्य काढलं, 'आजपासून' च्या जागी तारीख घातली, माफी तशीच ठेवली. भावाचे दोन तारे अजून दोनच आहेत. त्याने फोन केला नाही.

रिसेप्शनवर आता एक छोटी पाटी असते, खडूने लिहायची: 'सध्या ४० मिनिटं उशीर'. आकडा पुसून बदलायचं काम त्या मुलीचं, आणि तो तिला सांगायचं काम आत असलेल्या असिस्टंटचं. गेल्या शनिवारी पाटीवर ४० होतं आणि खरा उशीर होता सत्तर मिनिटांचा. त्यावर अजून कोणी लिहिलेलं नाही, पण मी वहीत नोंद करून ठेवली आहे.